सिगारेट आणि लवकर पाळी जाणं: बायका मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी इंदूरला एका स्त्रीरोग क्लिनिकमध्ये कौन्सेलिंगचं काम करते, डॉक्टर नाही. रिपोर्ट हातात आला की बाई डॉक्टरांच्या केबिनमधून निघून माझ्यासमोर येऊन बसते आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. विजयनगरच्या ऑफिसांमधल्या मुली, भंवरकुआंला कोचिंगसाठी राहणाऱ्या, रामबागेतल्या चाळिशीच्या वहिनी, सगळ्या येतात. सिगारेटबद्दल आता बऱ्याच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

सिगारेटमुळे पाळी खरंच लवकर जाते का, की घाबरवायला सांगतात?

खरंच जाते. ही गोष्ट एका देशातल्या एका पाहणीवर अवलंबून नाही, जगभरात वर्षानुवर्ष मोजून झालंय. ओढणाऱ्या बायकांची पाळी न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी एक ते दोन वर्ष आधी जाते. ऐकायला एक-दोन वर्ष म्हणजे काहीच नाही वाटतं, पण ही सरासरी आहे, कुणाचं काहीच हलत नाही आणि कुणाची चार वर्ष आधी जाते. शिवाय आपल्याकडे बायकांची पाळी मुळातच लवकर जाते, साधारण ४६-४७ ला, पाश्चात्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्या हातात वेळ आधीच कमी आणि त्यातून अजून कापून घ्यायची. चाळिशीच्या आतच पाळी कायमची थांबण्याचा धोका तर ओढणाऱ्यांमध्ये जवळजवळ दुप्पट दिसतो.

अंड्यांचा साठा म्हणजे नेमकं काय?

हे एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. पुरुषात शुक्रजंतू आयुष्यभर नवीन तयार होत राहतात, बाईचं तसं नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी अंडी तयार होऊन जातात, पाचव्या महिन्याच्या सुमाराला साठ-सत्तर लाख असतात, जन्माला येईपर्यंत दहा-वीस लाख उरतात आणि पहिली पाळी येते तेव्हा तीन-चार लाख. त्यातली आयुष्यात बाहेर पडतात ती फक्त चारशेच्या आसपास. बाकीची आपलीआप विरतात, रोज थोडी थोडी, तुम्ही काहीही करा न करा. साधारण हजारावर आली की पाळी थांबते.

म्हणजे ही धान्याची कोठी आहे, भरलेली मिळाली, वरून एक दाणाही पडत नाही, फक्त खालून सांडतं. सिगारेट खालचं भोक मोठं करते. गोळ्यांनी, डोहाळजेवणाच्या ताटाने, कुठल्याच काढ्याने नवीन अंडं बनत नाही, हे मी रोज सांगते आणि रोज कुणीतरी काढ्याचं पाकीट पर्समधून काढून दाखवतं.

पण धूर फुप्फुसात जातो, अंडाशयात कसा पोचतो?

धूर पोचत नाही, रक्त पोचतं. तंबाखू जळली की डांबरासारख्या जातीची काही रसायनं तयार होतात, काहीही अर्धवट जळालं की होतात तीच, बेन्झोपायरिन हे त्यातलं नावाजलेलं. ती फुप्फुसातून रक्तात उतरतात आणि अंडाशयात जातात. तिथे जी अंडी अजून झोपलेली आहेत, ज्यांचा नंबर दहा-पंधरा वर्षांनी लागणार होता, त्यांच्या पेशीत या रसायनांना धरणारी एक कडी असते. रसायन कडीला अडकलं की पेशीच्या आत एक जीन चालू होतं आणि पेशीला मरायचा हुकूम मिळतो. उंदरांमध्ये हे २००१ मध्ये पायरीपायरीने दाखवलं गेलं आणि माणसाच्या अंडाशयाच्या तुकड्यांवरही तोच परिणाम दिसला.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते हे की मरतात ती झोपलेली अंडी. या महिन्याची पाळी वेळेवर येते, त्रास काही नाही, म्हणून बाईला वाटतं सगळं ठीक आहे. हिशेब दहा वर्षांनी कळतो.

दुसरीही एक गोष्ट होते. धुरामुळे लिव्हर इस्ट्रोजेनला लवकर अशा रूपात बदलतं ज्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणजे अंडाशय बनवतंय तेवढंही अंगाला लागत नाही. मेनोपॉजच्या आसपास अंगातून वाफा येणं ओढणाऱ्यांमध्ये जास्त दिसतं, त्याचं एक कारण हे मानलं जातं.

मी दिवसाला दोन-तीनच ओढते, ऑफिसखालच्या गुमटीवर चहाबरोबर. एवढ्यानेही होतं का?

कमी होतं, पण होत नाही असं नाही. जितकी जास्त आणि जितकी वर्ष तितका परिणाम मोठा, हे बहुतेक पाहण्यांत स्पष्ट आहे. म्हणून आम्ही फक्त "किती" विचारत नाही, "किती वर्ष" पण विचारतो. दिवसाला वीस, एक वर्ष, याला एक पॅक-वर्ष म्हणतात. दिवसाला दहा, दोन वर्ष, तेही एकच. तुमच्या तीन सिगारेटी, सात वर्ष, तेही साधारण एकच. हा आकडा तुमचा स्वतःचा काढून ठेवा, डॉक्टर विचारतील.

रिपोर्ट कसा वाचायचा? एखादं उदाहरण सांगा ना.

सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलं नाहीये. ३६ वर्षांची ताई, आयटीत, लग्न उशिरा झालं, वर्षभर मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू. बाविसाव्या वर्षी हॉस्टेलला सुरू केली, आठ-दहा रोज. मी समोर कॅल्क्युलेटर ठेवला, नऊ गुणिले ३६५ गुणिले १४, जवळजवळ ४६ हजार सिगारेटी. ती तो आकडा बघत बसली, मीही काही बोलले नाही. पॅक-वर्षात सहा-सात.

तक्रार म्हणावी अशी एकच होती, तीही तिने तक्रार म्हणून सांगितली नव्हती, मी फोनमधलं पाळीचं ॲप उघडायला लावलं तेव्हा दिसली. पाच वर्षांपूर्वी पाळी २९ दिवसांनी यायची, आता २५ ने. नियमित, पण जवळ आलेली. हे लक्षात ठेवा, कारण पाळी लांबायच्या, चुकायच्या आधी ती पुष्कळदा अशी आखूड होते. साठा कमी झाला की अंडाशयातून मेंदूला जाणारा "थांब" हा निरोप बारीक होतो, मग मेंदू एफएसएच हे हार्मोन लवकर आणि जास्त सोडतो, अंडं घाईघाईने तयार होतं आणि पाळीचा पहिला अर्धा भाग आक्रसतो. बायका म्हणतात लवकर येते म्हणजे शरीर जोमात आहे. उलट आहे.

मग तीन तपासण्या झाल्या. एएमएच हे रक्तातलं हार्मोन, अंडी ज्यात वाढतात त्या छोट्या पिशव्यांमधून, म्हणजे फॉलिकलमधून येतं, कुठल्याही दिवशी तपासता येतं. तिचं आलं ०.९, त्या वयात साधारण दोनच्या आसपास असतं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी आतून सोनोग्राफी, दोन ते दहा मिलीमीटरचे फॉलिकल मोजतात, तिचे दोन्ही बाजूचे मिळून सहा निघाले, पाच-सातपेक्षा कमी असले की डॉक्टर त्याला कमी साठा धरतात, म्हणजे ती काठावर. त्याच दिवशी एफएसएच ११.८, दहाच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. आणि एफएसएचबरोबर इस्ट्रॅडिओल काढायचं विसरू नका, कारण ते वर असेल तर एफएसएच खोटं कमी दिसतं. तिचं नॉर्मल होतं, म्हणजे ११.८ हा खरा आकडा.

तीनही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या, म्हणून विश्वास ठेवला. एकटा एएमएच असता तर आम्ही थांबलो असतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तो कमी दिसतो, पीसीओएस असेल तर भरपूर जास्त दिसतो आणि मग खालून कमी होत असलेला साठा झाकला जातो. लॅब बदलली तरी आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

मग इतर कारणं पुसून काढली. अंडाशयावर ऑपरेशन? नाही. किमो, रेडिएशन? नाही. आईची पाळी ४७ ला गेली, मोठी बहीण ३९ ची, न ओढणारी, तिची २८ दिवसांनी येते. आता हे सगळं सिगारेटमुळेच झालं असं कुणी लिहून देऊ शकत नाही, काही बायकांचा साठा जन्मतःच कमी असतो. पण बदलता येण्यासारखं कारण तेवढं एकच होतं.

एएमएच कमी म्हणजे मूल होणारच नाही का?

नाही, आणि हे मी जरा मोठ्याने सांगते कारण या एका आकड्यावर बायका रात्र रात्र रडलेल्या मी बघितल्यात. एएमएच सांगतं किती उरली, चांगली किती ते सांगत नाही. चांगलेपणा मुख्यतः वयावर असतो. आधी वंध्यत्वाचा प्रॉब्लेम नसलेल्या तिशी-चाळिशीच्या बायकांमध्ये अमेरिकेत बघितलं गेलं, तेव्हा एएमएच कमी असलेल्यांनाही काही महिन्यांत आपलंआप दिवस जाण्याची शक्यता इतरांसारखीच निघाली. आकड्याचा खरा उपयोग आयव्हीएफमध्ये, इंजेक्शनं दिल्यावर अंडी किती मिळतील याचा अंदाज घ्यायला.

पण सिगारेट चालू असली की दोन्हीकडून मार बसतो, संख्या कमी आणि अंड्याभोवतीच्या द्रवातसुद्धा निकोटीनचं उरलेलं रूप सापडतं. आयव्हीएफमध्ये ओढणाऱ्या बायकांना न ओढणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट प्रयत्न लागू शकतात, असं तज्ज्ञांच्या संस्था सांगतात. आणि प्रयत्न म्हणजे काय हे इंदूरच्या कुठल्याही आयव्हीएफ सेंटरचं बिल बघितलेल्याला कळतं.

आता सोडली तर साठा परत भरतो का?

गेलेली अंडी येत नाहीत. सिगारेट सोडल्यावर एएमएच वाढेल म्हणून तीन महिन्यांनी परत टेस्ट करू नका, पैसे जातील आणि हिरमोड होईल. पण भोक परत बारीक होतं, आणि रक्तातलं निकोटीनचं उरलेलं थोड्याच दिवसांत निघून जातं. मोठ्या एकत्रित अभ्यासात, जिथे दोन लाखांवर बायकांची माहिती एकत्र केली होती, तिथे पाळी जायच्या दहा वर्षांहून आधी सोडलेल्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांइतकाच निघाला. त्यामुळे पंचविशीत, तिशीत सोडणाऱ्या मुलीला मी सरळ म्हणते, तुझं बरंचसं वाचलं. चाळिशीतल्या बाईला मी हे म्हणत नाही, पण तिचंही उरलेलं जास्त वेगाने सांडायचं थांबतं, आणि हाडं, हृदय, फुप्फुस यांचा फायदा वेगळा.

त्या ताईचं पुढे काय झालं असं विचारता, तर तिने सोडली, दोनदा परत सुरू केली, तिसऱ्यांदा टिकली. पाळी २५ दिवसांचीच राहिली, जादू झाली नाही. डॉक्टरांनी या आकड्यांवर अजून वर्षभर वाट बघू नका म्हटलं, म्हणून आयव्हीएफ केलं, पहिल्या फेरीत चार अंडी मिळाली, त्यातून दोन गर्भ बनले, एक गर्भाशयात सोडला आणि एक गोठवून ठेवलाय. पहिला टिकला नाही. आता दुसऱ्याची तारीख आहे.

मी ओढत नाही, पण नवरा आणि सासरे घरात ओढतात.

धुराला कुणी ओढला ते माहीत नसतं. घरात वर्षानुवर्ष दुसऱ्याचा धूर सहन करणाऱ्या बायकांमध्येही पाळी थोडी लवकर जाण्याशी संबंध सापडलाय, ओढणाऱ्यांइतका मोठा नाही, पण आहे. गॅलरीत जाऊन ओढतो म्हणतात आणि दार उघडंच असतं. दार लावायला सांगा, गाडीत तर अजिबातच नाही. आणि मूल व्हायचं असेल तर नवऱ्याच्या शुक्रजंतूंचाही प्रश्न आहे, त्याची तपासणी झाली का हे आधी बघा, बायकोच्या फायलीची जाडी वाढतच राहते आणि त्याची एक टेस्टही नसते असं पुष्कळदा होतं.

विडी, हुक्का, व्हेप, आणि आमच्या आईची मशेरी?

विडी नैसर्गिक पानाची असते म्हणून साधी, हा गैरसमज. पान तेंदूचं असलं तरी आत तंबाखूच जळते आणि अर्धवट जळल्यावर तीच रसायनं निघतात. हुक्क्यात पाण्यातून धूर गार होऊन येतो, स्वच्छ होऊन नाही, वर कोळसा वेगळा जळतो, एक बैठक तासभर चालते.

व्हेप २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे बंद आहे, तरी चोरून मिळतो. त्यात जळणं नसतं म्हणून वर सांगितलेली रसायनं कमी, पण निकोटीन असतंच. मूल हवं असलेल्या बाईने त्याच्यात सुटका शोधू नये.

मशेरीचं मात्र आपल्याकडच्या बायकांना कुणी सांगत नाही म्हणून सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची, सातारा-कोल्हापूरकडून इकडे आलेल्या आमच्या शेजारणीकडे त्या भाजण्याचा वास जिन्यात यायचा. ती भाजणी म्हणजे अर्धवट जळणंच, आणि मशेरीत बेन्झोपायरिन सापडतं. पाळीवरचा अभ्यास बहुतेक सिगारेटवर झालाय, म्हणून मशेरीने किती वर्ष जातात असा आकडा नाही. पण दात घासायची पावडर म्हणून तिला हिशेबातून वगळू नका, तंबाखू विचारली की तिचंही नाव घ्या.

पाळी लवकर गेली तर काय बिघडलं? उलट सुटका.

असं म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात, त्यांचा त्रास मला कळतो. पण इस्ट्रोजेन नुसतं पाळीसाठी नसतं. ते हाडातलं कॅल्शियम धरून ठेवतं, रक्तवाहिन्या लवचीक ठेवतं. ४७ ऐवजी ४१ ला गेलं की हाडं सहा वर्ष आधी झिजायला लागतात, आणि सिगारेट स्वतःसुद्धा हाडं झिजवते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. त्यामुळे ४० च्या आत पाळी गेलेल्या बाईला सहसा साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन दिले जातात, डेक्सा नावाची हाडांची तपासणी करतात. ओढणारी असेल तर गोळीऐवजी पॅच किंवा जेल द्यायचा विचार करतात, कारण गोळीने रक्त गोठायचा धोका जास्त असतो.

यातूनच अजून एक: वय ३५ च्या वर आणि सिगारेट चालू असेल तर मैत्रिणीने दिलेली गर्भनिरोधक गोळी मेडिकलवरून स्वतः घेऊ नका. दोन हार्मोनवाल्या गोळीने लकवा, हृदय आणि रक्ताच्या गाठींचा धोका वाढतो. दुसरे पर्याय आहेत, विचारून घ्या.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

चाळिशीच्या आत असाल आणि चार महिने पाळी आली नाही तर. आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच. एफएसएच २५ च्या वर असेल तर बहुधा परत बघतात. मेनोपॉज झाला असं म्हणायला सबंध बारा महिने पाळी नसावी लागते, त्यामुळे दोन महिने चुकली म्हणून गेली समजू नका, तोपर्यंत दिवसही जाऊ शकतात. आणि पाळी २८-३० वरून २४-२५ वर आली असेल, मूल अजून हवं असेल, तर पस्तिशीनंतर सहा महिन्यांपेक्षा जास्त वाट बघू नका.

सोडायची कशी? दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही.

सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे, तिथे माणूस बोलतो, नाव सांगायची सक्ती नाही. निकोटीनचा गम मिळतो तो बहुतेक जणी साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावतात, मग पोटात जळजळ होते आणि दुसऱ्या दिवशी फेकून देतात. तसं नाही करायचं. हळूहळू चावा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की परत हळू चावा, अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, आम्लामुळे निकोटीन शोषलं जात नाही. आपल्याकडे नेमका चहाबरोबरच घेतात. दिवस राहिले असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

डॉक्टरांना खरं सांगितलं तर घरी कळेल ना?

हा प्रश्न सगळ्यात हळू आवाजात येतो. ती ताई पहिल्या दिवशी सासूबाईंबरोबर आली होती, फॉर्मवर तंबाखूच्या रकान्यात "नाही" लिहिलं होतं. सासूबाई समोर बसलेल्या, दुसरं काय लिहिणार. मी वजन घ्यायला म्हणून तिला आत नेलं, दार लावलं आणि विचारलं. तिने एकदा दाराकडे बघितलं, मग बोटांनी दहा दाखवले.

तर एवढं करा. आत एकटीला यायचंय असं रिसेप्शनवर सांगा, कारण द्यायची गरज नाही. ते जमलं नाही तर वजनाच्या, बीपीच्या वेळी नर्सला सांगा, किंवा चिठ्ठीवर लिहून द्या. "फाइलवर ठळक लिहू नका, रिपोर्ट माझ्याच फोनवर पाठवा" असंही म्हणता येतं, आम्ही रोज करतो. तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायचा आम्हाला अधिकार नाही. पण "नाही" लिहिलेल्या फॉर्मवर डॉक्टर गोळी लिहितात, इंजेक्शनचा डोस ठरवतात, आणि कमी अंडी का आली याचं कारण भलतीकडेच शोधत बसतात.